फोटोतला सबनेटिंगचा प्रश्न: तिन्ही उत्तरं, बायनरीसकट

तू पाठवलेला प्रश्नांच्या पानाचा फोटो मिळाला. पानाच्या मध्ये घडी आहे आणि एका ओळीवर ट्यूबलाइट चमकलीय, पण बाकीचं नीट वाचता येतंय. ऐरोलीला कामावर जाताना ट्रेनमध्येच सोडवून टाकलं. एकदा वाच, मग वही मिटून स्वतः कर. कुठे अडलीस तर रात्री फोन कर, मी जागाच असतो.

आधी एवढं डोक्यात बसव. आयपी ॲड्रेस म्हणजे ३२ बिट, आठ-आठचे चार गट. त्यातले डावीकडचे काही बिट नेटवर्कचे, उरलेले होस्टचे. नवी मुंबईचा पत्ता सांगताना आधी सेक्टर आणि मग प्लॉट येतो, तसंच हे. सेक्टर कुठे संपतो आणि प्लॉट कुठून सुरू होतो, ती रेघ सबनेट मास्क मारतो. `/20` म्हणजे पहिले २० बिट नेटवर्कचे. मास्कमध्ये तिथे `1`, बाकी सगळीकडे `0`.

प्रश्न १: `172.16.149.77/20` चा मास्क, नेटवर्क ॲड्रेस, ब्रॉडकास्ट आणि होस्टची रेंज काढायची आहे

मास्कमध्ये वीस वेळा `1` लिहायचा आहे. पहिले दोन गट पूर्ण भरले की १६ झाले, तिसऱ्यात चारच उरतात: `11110000`. त्याची किंमत 128+64+32+16 = 240. म्हणून मास्क `255.255.240.0`.

आता `149` बायनरीत आणू. तुमच्या वर्गात दोनने भागत जायला शिकवलंय ते बरोबरच आहे, पण परीक्षेत वजाबाकी लवकर होते. आठ बिटांच्या किमती ओळीने मांडायच्या आणि मोठ्यापासून बघत यायचं, मावते का नाही:

```
128  64  32  16   8   4   2   1
  1   0   0   1   0   1   0   1

149 - 128 = 21
 21 -  16 =  5
  5 -   4 =  1
  1 -   1 =  0
```

म्हणजे `149` = `10010101`. याच रीतीने `172` = `10101100`, `16` = `00010000`, `77` = `01001101`. आता ॲड्रेस आणि मास्क एकाखाली एक लिहून अँड करायचं. दोन्हीकडे `1` असेल तरच खाली `1`:

```
IP    10101100.00010000.10010101.01001101
MASK  11111111.11111111.11110000.00000000
AND   10101100.00010000.10010000.00000000
       172    . 16     . 144    . 0
```

नेटवर्क ॲड्रेस `172.16.144.0`. खरं तर मेहनत तिसऱ्याच गटात आहे. मास्क `255` असेल तिथे आकडा जसाच्या तसा खाली येतो, `0` असेल तिथे शून्य येतं. तरीही पेपरात चारही गट लिही. पायऱ्यांचे मार्क असतात आणि ते सोडायला आपण काही श्रीमंत नाही.

ब्रॉडकास्टसाठी होस्टचे सगळे बिट `1` करायचे. तिसरा गट `10011111`, म्हणजे `159`, आणि चौथा `255`. ब्रॉडकास्ट `172.16.159.255`. वापरता येणारे होस्ट या दोघांच्या मधले: `172.16.144.1` ते `172.16.159.254`. होस्टचे बिट 32 - 20 = 12, म्हणून संख्या 2^12 - 2 = 4094. वजा केलेले दोन म्हणजे नेटवर्क आणि ब्रॉडकास्ट.

पडताळा दोन सेकंदांत होतो. 256 - 240 = 16, म्हणजे तिसऱ्या गटात नेटवर्क सोळा-सोळाच्या उड्या मारतात: 0, 16, 32 असं करत 128, 144, 160. `149` हा 144 आणि 160 यांच्यामध्ये पडतो. जुळलं.

याच प्रश्नाच्या शेवटी विचारलंय की `172.16.0.0/16` मधून असे किती सबनेट निघतील. `/16` वरून `/20` ला जाताना होस्टचे चार बिट उसने घेतले, म्हणून 2^4 = 16. पुस्तकामागच्या उत्तरात १४ छापलेलं दिसलं तर घाबरू नकोस. जुन्या पद्धतीत पहिला आणि शेवटचा सबनेट सोडून द्यायचे, आता दोन्ही वापरतात. पेपरात १६ लिही आणि सूत्र सोबत दाखव.

प्रश्न २: `192.168.10.137`, आणि पुढचा आकडा चमकेत गेलेला

स्लॅशनंतरचा पहिला अंक 2 दिसतो, दुसरा 6 आहे की 8 ते फोटोवरून कळत नाही. पण खालच्या ओळीत छापलंय की प्रत्येक सबनेटमध्ये ६२ होस्ट बसतात. 62 + 2 = 64 = 2^6, म्हणजे होस्टचे सहा बिट आणि 32 - 6 = 26. तर तो `/26` आहे. `/28` असता तर १४ च होस्ट बसले असते.

मास्कचा शेवटचा गट `11000000`, म्हणजे मास्क `255.255.255.192`. पहिले तीन गट तसेच उतरतात, म्हणून फक्त चौथा:

```
137   10001001
192   11000000
AND   10000000   = 128
BC    10111111   = 191
```

नेटवर्क `192.168.10.128`, ब्रॉडकास्ट `192.168.10.191`, होस्ट `192.168.10.129` ते `192.168.10.190`.

इथे एक गंमत आहे. `/25`, `/26`, `/27`, `/28` यांपैकी काहीही धरलं तरी नेटवर्क ॲड्रेस `192.168.10.128` च येतो, कारण `137` मध्ये 128 नंतरचे तीन बिट शून्य आहेत. फरक पडतो तो ब्रॉडकास्टमध्ये आणि रेंजमध्ये. `/28` ला ती `142` लाच संपते. त्यामुळे मैत्रिणीचा नेटवर्क ॲड्रेस तुझ्याशी जुळला म्हणून दोघींनी मास्क सारखाच वाचलाय असं समजू नका.

प्रश्न ३: `10.0.5.200` आणि `10.0.6.20` एकाच नेटवर्कमध्ये आहेत का? मास्क `255.255.252.0`

बघताक्षणी ‘नाही’ म्हणावंसं वाटतं, कारण 5 आणि 6 वेगळे दिसतात. तेवढ्यासाठीच हा प्रश्न टाकलाय. `252` = `11111100`, म्हणजे `/22`. रेघ तिसऱ्या गटाच्या आत पडते:

```
  5   00000101        6   00000110
252   11111100      252   11111100
AND   00000100 = 4  AND   00000100 = 4
```

दोघांचा नेटवर्क ॲड्रेस `10.0.4.0`, म्हणून नेटवर्क एकच. ब्रॉडकास्ट `10.0.7.255`, होस्ट `10.0.4.1` ते `10.0.7.254`, संख्या 2^10 - 2 = 1022. यात `10.0.5.255` आणि `10.0.6.0` हेसुद्धा चालणारे होस्ट आहेत. शेवटी 255 किंवा 0 दिसलं की लोक सवयीने तो ॲड्रेस बाद करतात. कामावरही असे वाद ऐकलेत. बाद तोच, ज्याचे होस्टचे *सगळे* बिट शून्य किंवा *सगळे* एक आहेत. इथे होस्टचे बिट दहा आहेत, शेवटचे आठ बघून निकाल लागत नाही.

उत्तरं तपासायला तुमच्या लॅबच्या मशीनवर पायथन असेलच, हे चालव:

```
import ipaddress
n = ipaddress.ip_interface("172.16.149.77/20").network
print(n, n.netmask, n.broadcast_address)
```

`172.16.144.0/20 255.255.240.0 172.16.159.255` असं यायला हवं. बाकी दोन प्रश्नांसाठी फक्त अवतरणातला ॲड्रेस आणि स्लॅशनंतरचा आकडा बदल. पण आधी हाताने सोडव, कारण तोंडी परीक्षेला समोर फळा असतो आणि सर `149` चं बायनरी तिथेच लिहायला सांगतात. आणि पुढच्या वेळी फोटो काढताना पान खिडकीपाशी ने, ट्यूबलाइटखाली नको.