दहिसर नदी, तलाव आणि खाडीकाठची माती: क्षेत्रभेटीवर आधारित प्रश्नपत्रिका

इयत्ता अकरावी · पर्यावरण शिक्षण · सराव चाचणी
वेळ: २ तास ३० मिनिटे · एकूण गुण: ५०

आधी हे वाचा

सर्व प्रश्न सोडवायचे आहेत. गणकयंत्र चालेल. खालचे आकडे जानेवारीतल्या एका शनिवारच्या क्षेत्रभेटीच्या धर्तीवर सरावासाठी तयार केले आहेत; नदीचा अधिकृत अहवाल म्हणून ते कुठेही वापरू नका.

उत्तरात दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: काय दिसले किंवा मोजले, आणि त्यावरून तुम्ही काय म्हणता. ‘प्रदूषण वाढले आहे’ एवढ्याच वाक्याला गुण नाहीत. कोणता आकडा, कुठला, किती वाजता घेतलेला, हे लिहा. ‘या माहितीवरून सांगता येत नाही’ हेही बरोबर उत्तर असू शकते, पण का सांगता येत नाही ते लिहिले तरच.

क्षेत्रभेटीची माहिती

दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून बाहेर पडते आणि बोरिवली-दहिसरच्या वस्तीतून मनोरी खाडीला मिळते. विद्यार्थ्यांनी चार ठिकाणी पाणी तपासले.

केंद्र क: उद्यानाच्या आत. खडकाळ पात्र, दोन्ही काठांना झाडी. दगडाखाली मेफ्लायच्या अळ्या सापडल्या.
केंद्र ख: उद्यानाबाहेर. काठावर म्हशींचे तबेले. थोडे वर कपडे धुण्याची जागा. पाण्यावर पांढरा फेस.
केंद्र ग: दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत. डाव्या बाजूने नाला मिळतो. काळे पाणी, तळातून बुडबुडे. गाळात लाल अळ्या, म्हणजे रक्तकिडे, भरपूर. दुसरा प्राणी नाही.
केंद्र घ: खाडीलगत, तिवरांची झाडी. भरती चढत होती.

| | क | ख | ग | घ |
|---|---|---|---|---|
| वेळ | स. ७:४० | स. ८:५० | स. १०:१५ | दु. १२:३० |
| तापमान (°से.) | २२ | २४ | २६ | २७ |
| सामू | ७.३ | ७.६ | ७.१ | ७.७ |
| विरघळलेला ऑक्सिजन (मिग्रॅ/लि.) | ७.४ | ३.१ | ०.६ | ३.४ |
| बीओडी, ३ दिवस २७° से. (मिग्रॅ/लि.) | १.८ | २८ | ६४ | १९ |
| विद्युतवाहकता (मायक्रोसीमेन्स/सेंमी) | २१० | ६४० | ९८० | २४,६०० |
| पारदर्शकता नळी (सेंमी, नळीची उंची ६०) | ६० | २२ | ९ | १७ |

संदर्भासाठी: अंघोळीयोग्य नदीच्या पाण्याचे निकष आपल्याकडे असे आहेत: सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिग्रॅ/लि., बीओडी कमाल ३ मिग्रॅ/लि.

प्रश्न १. वहीतल्या नोंदी (६ गुण)

एका गटाच्या वहीतली ही पाच वाक्ये पाहा.

(१) ‘ख वर पाण्यावर फेस होता, हात घातल्यावर बुळबुळीत लागला.’
(२) ‘फेस धोब्यांच्या साबणामुळे आला.’
(३) ‘ग जवळ नाल्याचे पाणी नदीपेक्षा कोमट होते.’
(४) ‘ग वर नदी मेलेली आहे.’
(५) ‘क चे पाणी इतके स्वच्छ की प्यायला हरकत नाही.’

(अ) यातली निरीक्षणे कोणती आणि निष्कर्ष कोणते? (२)
(आ) वाक्य (३) निरीक्षणच आहे, पण वहीत ते अपुरे आहे. त्यात काय हवे होते? (१)
(इ) वाक्य (५) तक्त्यातल्या एकाही आकड्याच्या विरोधात जात नाही, तरीही ते धोकादायक आहे. कोणती तपासणी झालेलीच नाही? (२)
(ई) वाक्य (४) तक्त्यातला एक आकडा आणि केंद्राच्या वर्णनातला एक सजीव वापरून पुन्हा लिहा. (१)

प्रश्न २. नदी खाली जाता जाता (१४ गुण)

(अ) चारपैकी कोणती केंद्रे अंघोळीच्या तिन्ही निकषांत बसतात? जे केंद्र बसत नाही, ते कोणत्या निकषावर नापास होते ते केंद्रवार लिहा. (३)

(आ) क पासून ग पर्यंत पाणी ४ अंशांनी तापले. तापमान वाढले की पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, हे खरे. गोड्या पाण्यात २२° से. ला सुमारे ८.७ आणि २६° से. ला सुमारे ८.१ मिग्रॅ/लि. ऑक्सिजन मावतो. मग ग वरचा ०.६ हा आकडा उन्हामुळे आला, असे म्हणता येईल का? आकडेमोड दाखवा. (२)

(इ) रक्तकिड्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते. ग च्या गाळात तेच का टिकले, आणि क वरच्या मेफ्लायच्या अळ्या तिथे का दिसल्या नाहीत? (२)

(ई) ख जवळच्या एका तबेलेवाल्या काकांनी विद्यार्थ्यांना सांगितले, “बाळांनो, घाण आमची नाही, वरून येते.” तक्त्यावरून त्यांचे म्हणणे खोडता येते का? पटवता येते का? येत नसेल, तर आणखी कमीत कमी किती नमुने, नेमके कुठून घ्याल? कपडे धुण्याची जागा विसरू नका. (३)

(उ) अहवालात एका विद्यार्थिनीने लिहिले: ‘ग पासून घ पर्यंत बीओडी ६४ वरून १९ वर आला, म्हणजे तिवरांनी नदी शुद्ध केली.’ आता हे करून पाहा. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५०,००० आणि बीओडी २ धरा. ग चे पाणी आणि समुद्राचे पाणी सरळ मिसळले असे मानून घ वर समुद्राचा वाटा साधारण किती टक्के येतो? निव्वळ मिसळण्यामुळे बीओडी किती व्हायला हवा होता? १९ हा आकडा त्यापेक्षा कमी आहे. उरलेल्या फरकाची दोन संभाव्य कारणे द्या. यातल्या एखाद्या कारणाचे श्रेय तिवरांना द्यायचे असेल, तर कोणता पुरावा लागेल? (४)

(आकडेमोडीत वाहकता मिसळण्याच्या सरळ प्रमाणात बदलते असे धरले आहे. ते अगदी तंतोतंत नसते, पण अंदाजाला पुरते.)

प्रश्न ३. दोन बाटल्यांची गोष्ट (८ गुण)

केंद्र ग चा बीओडी काढताना प्रयोगशाळेत ३०० मिलीच्या दोन बाटल्या भरल्या. उरलेली जागा ऑक्सिजनयुक्त विरलन-पाण्याने भरली.

| | बाटली १ | बाटली २ |
|---|---|---|
| नमुना (मिली) | १५ | ६० |
| सुरुवातीचा ऑक्सिजन | ७.६ | ६.५ |
| तीन दिवसांनंतरचा ऑक्सिजन | ४.४ | ०.० |

(अ) बीओडी = (सुरुवातीचा − शेवटचा) × ३०० ÷ नमुन्याचे आकारमान. दोन्ही बाटल्यांसाठी काढा. (२)
(आ) नमुना एकच, उत्तरे दोन. सरासरी काढून अहवालात लिहावी का? (२)
(इ) बाटली २ टाकाऊ आहे असे समजू नका. तिच्यावरून बीओडीबद्दल एक खात्रीशीर विधान करता येते. कोणते? (२)
(ई) बाटल्या तीन दिवस अंधारात ठेवतात. खिडकीत ठेवल्या असत्या तर आकडा कोणत्या दिशेने चुकला असता, आणि का? (२)

प्रश्न ४. हिरवा तलाव (५ गुण)

पवई तलाव १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. पुढे पाणी खराब झाल्याने तो उपयोग सुटला. समजा, अशाच एका शैवालाने हिरव्या झालेल्या तलावात पृष्ठभागाजवळ एकाच दिवशी या नोंदी मिळाल्या: सकाळी ६ ला ऑक्सिजन २.२ मिग्रॅ/लि., सामू ७.५, दुपारी ३ ला ऑक्सिजन ११.८ मिग्रॅ/लि., सामू ९.०, तापमान २९° से.

(अ) २९° से. ला पाण्यात सुमारे ७.७ मिग्रॅ/लि. ऑक्सिजन मावतो. मग ११.८ कुठून आला? सामू त्याच वेळी का चढला? (३)
(आ) फक्त दुपारी येणाऱ्या गटाचा अहवाल ‘माशांसाठी उत्तम’ असा निघेल. तलावावर पहाटे मासे मेलेले का सापडू शकतात? (२)

प्रश्न ५. माती (१० गुण)

तीन ठिकाणची माती: ‘वन’ (उद्यानातला पालापाचोळ्याखालचा थर), ‘बाग’ (एका सोसायटीची बाग, खणताना विटांचे तुकडे आणि सिमेंटचे खडे निघाले), ‘तिवर’ (केंद्र घ चा गाळ).

जमिनीत रोवलेल्या कड्यात ५०० मिली पाणी ओतले. वनात ते ३ मिनिटांत जिरले, बागेत ४१ मिनिटांत. तिवरात प्रयोग केलाच नाही. सामू: वन ६.४, बाग ८.४, तिवर ७.२.

(अ) वनातल्या मातीचा डबा ओल्या मातीसह ९६ ग्रॅम, भट्टीत वाळवल्यावर ७८ ग्रॅम, रिकामा १८ ग्रॅम. कोरड्या मातीच्या वजनाच्या टक्क्यांत ओलावा काढा. (२)
(आ) बागेचा सामू ८.४ कशामुळे असावा? खणताना मिळालेल्या पुराव्याचा आधार घ्या. (१)
(इ) २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. अशा पावसात तर वनातली मातीही भरून जाते. मग ३ मिनिटे आणि ४१ मिनिटे यांतल्या फरकाला मुंबईच्या कोणत्या प्रकारच्या पावसात जास्त महत्त्व आहे? (२)
(ई) तिवरात जिरण्याचा प्रयोग का केला नसावा? (१)
(उ) तिवरचा गाळ काळा होता आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. हाच गाळ गच्चीवर तीन आठवडे पसरून वाळवला, तेव्हा रंग तपकिरी झाला आणि सामू ७.२ वरून ५.१ वर उतरला. गाळात लोहाची सल्फाइडे असतात, हे लक्षात घेऊन काय घडले ते सांगा. खाडीकाठ भर घालून कोरडा करायचा ठरवणाऱ्यांना या निकालाची दखल का घ्यावी लागेल? (४)

प्रश्न ६. पुढची भेट (७ गुण)

जूनमध्ये पहिल्या जोरदार पावसानंतरच्या सकाळी वर्ग पुन्हा नदीवर जाणार आहे. नमुन्याच्या बाटल्या फक्त सहा आहेत.

(अ) केंद्र ग वर पारदर्शकता, वाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन जानेवारीच्या तुलनेत कोणत्या दिशेने बदलतील? एकेका ओळीत कारणासह लिहा. ऑक्सिजनबाबत दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. तुमची बाजू निवडा आणि दुसरी बाजू एका वाक्यात मांडा. (३)
(आ) सहा बाटल्या कुठे आणि किती वाजता भराल? घ साठी भरती-ओहोटीचे वेळापत्रक का पाहावे लागेल ते लिहा. एखादे केंद्र वगळत असाल, तर ते का वगळले तेही सांगा. (४)