कामांच्या नोंदीसाठी बोर्ड नको, पाच जणांची एकच शीट ठेवूया

प्रति : भाऊसाहेब
प्रेषक : सुनीता, ऑफिस
प्रत : विशाल (सर्व्हे व डिझाइन), अशोकदादा (गोदाम), योगेश आणि रमजानभाऊ (फिटिंग)
दिनांक : ८ सप्टेंबर २०२५, फैजपूर
विषय : ठिबकच्या कामांची नोंद कशात ठेवायची

भाऊसाहेब,

केळीच्या कांदेबागेची लागवड तोंडावर आली आहे. ऑक्टोबरात फोन वाजायला लागले की बसून विचार करायला सवड मिळत नाही, म्हणून हे आत्ताच लिहून देते. माझं म्हणणं असं : सगळ्या कामांची नोंद गूगल शीटमध्ये ठेवावी, आपण पाचही जणांनी तीच एक शीट वापरावी आणि ऑगस्टमध्ये चालवून पाहिलेला ऑनलाइन बोर्ड बंद करावा.

बोर्ड विशालने सुचवला आणि मन लावून मांडला. सर्व्हे, पूर्वसंमती, फिटिंग, मोका तपासणी, अनुदान असे पाच उभे कप्पे, आणि प्रत्येक शेतकऱ्याचं एक कार्ड. काम पुढे सरकलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, की कुठे किती अडलंय ते एका नजरेत कळतं. ते खरंच आहे. तीन आठवडे मी रोज तो उघडला, चौतीस कार्डं त्यात चढवली, आणि त्यातूनच माझं मत बनलं.

आपल्या रोजच्या प्रश्नांपैकी फार थोडे "काम कुठवर आलं" असे असतात. संध्याकाळी अशोकदादा विचारतात, उद्या टेम्पोत किती बंडल टाकू? योगेश विचारतो, न्हावीला जातोय तर बामणोदचंही काही आहे का? तुम्ही विचारता, या आठवड्यात कोणाची मुदत संपतेय? तिन्ही प्रश्न बेरजेचे, गावाचे, तारखेचे. बोर्डावर यातल्या प्रत्येकासाठी मला कार्डं एकेक उघडून आतला मजकूर वाचावा लागला आणि आकडे कागदावर मांडावे लागले. एका संध्याकाळी नऊ कार्डं उघडून बंडलांची बेरीज केली. दहावं कार्ड राहून गेलं आणि सकाळी टेम्पो दोनदा भरावा लागला.

चिनावलची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण ती कशी घडली ते सांगायला हवं. आपल्याकडे एका गावात एकाच आडनावाची दहा घरं, आणि नावही तेच असलेली दोन तर असतातच. बोर्डावर दोन कार्डं जवळजवळ सारखी दिसत होती. गट नंबर कार्डाच्या आत होता, वरून दिसत नव्हता. एका शेतात केळीच्या ओळीला एकच नळी होती, दुसऱ्यात भारी जमीन म्हणून दोन. माल दुसऱ्याच्या बांधावर उतरला आणि योगेशचा अर्धा दिवस गेला. यात योगेशची चूक नाही, माझीही नाही. शेताची खरी ओळख गट नंबर आहे, आणि तोच झाकलेला होता.

म्हणून शीटमध्ये एक काम म्हणजे एक ओळ. काम नंबर, स्थिती, फिटर, शेतकरी, गाव, गट नंबर, एकर, ओळीतलं अंतर, नळ्या, बंडल, संमतीची मुदत, लाईट, शेरा असे तेरा रकाने आहेत. बोर्ड यातल्या एकाच गोष्टीला, स्थितीला, सगळी जागा देतो. आपल्याला तेराही लागतात.

बंडल मोजायचं काम शीट स्वतः करते. एकराचे ४०४७ चौरस मीटर, त्याला ओळीतल्या अंतराने भागायचं, ओळीला किती नळ्या त्याने गुणायचं आणि आपल्याकडे येणाऱ्या ४०० मीटरच्या बंडलाने भागायचं :

```
=ROUNDUP(G2*4047/H2*I2/400,0)
```

पाच फुटांची, म्हणजे १.५२ मीटरची ओळ, तीन एकर आणि एक नळी असेल तर २० बंडल. दोन नळ्या असतील तर ४०. विशालने हे दोन्ही आकडे हाताने पडताळले आहेत. उद्याच्या टेम्पोचा हिशेबही याच रकान्यावरून निघतो, आणि फिटिंग बाकी असलेल्या सगळ्या कामांचा एकूण माल एका ओळीत येतो :

```
=SUMIFS(J:J,B:B,"फिटिंग बाकी")
```

अशोकदादांना हा आकडा मोबाईलवर दिसला तर मला फोन करायची गरजच उरत नाही. नळी मागवायची वेळ आली की तुम्हालाही तोच आकडा दिसेल.

मुदतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे शेतकऱ्याचे पैसे अडकतात. महाडीबीटीवर पूर्वसंमती आली की ठरलेल्या मुदतीत संच बसवून बिल पोर्टलवर चढवावं लागतं. त्यानंतर मोका तपासणी, आणि मग अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात. ही रक्कम त्याच्या घरात छोटी नसते. आपल्या उशिरामुळे कोणाची संमती हातची गेली तर त्याला तोंड कसं दाखवायचं? शीटमध्ये मुदतीला सात दिवस किंवा कमी उरले आणि फिटिंग बाकी असेल तर ती ओळ आपोआप लाल होते. नियम एकदा लावून ठेवायचा :

```
=AND($K2<>"",$K2-TODAY()<=7,$B2="फिटिंग बाकी")
```

बोर्डावरही कार्डाला तारीख देता येते. पण सगळ्या तारखा एकाखाली एक लावून बघायची सोय आम्ही वापरलेल्या सेवेत फक्त पैसे भरणाऱ्यांना होती, तीही माणशी दरमहा. खर्च परवडणार नाही असं मी म्हणत नाही. उपयोग असता तर मी स्वतः तुमच्याकडे मागितला असता.

"लाईट" हा रकाना रमजानभाऊंच्या सांगण्यावरून घातला. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. मोटार चालल्याशिवाय फिल्टर धुता येत नाही, नळ्यांची टोकं सोडून पाणी काढता येत नाही आणि ड्रिपर तपासता येत नाहीत. त्या गावची लाईट या आठवड्यात कोणत्या पाळीत आहे हे आधी दिसलं तर फिटर रिकाम्या हातांनी परतत नाहीत. असा रकाना वाढवायला शीटमध्ये अर्धा मिनिट लागला.

रमजानभाऊंनी बोर्ड मनापासून वापरून पाहिला. त्यांच्या छोट्या स्क्रीनवर एका वेळी एकच कप्पा दिसायचा, आणि दोनदा बोट घसरून कार्ड भलत्याच कप्प्यात गेलं. शीट दाखवली तेव्हा म्हणाले, "हे तर आपलं रजिस्टरच आहे." गेली कित्येक वर्षं ते रजिस्टरच्या ओळी वाचत आलेत. नवीन काही शिकावं लागत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांच्यासाठीच स्थितीचा रकाना काम नंबरच्या लगेच शेजारी ठेवला आहे आणि पहिले दोन रकाने गोठवले आहेत, म्हणजे बाजूला सरकवलं तरी ते हलत नाहीत. प्रत्येक फिटरच्या नावाचं वेगळं पानही आहे. ते फक्त वाचायचं, भरायचं मुख्य पानावर :

```
=FILTER('कामं'!A2:M,'कामं'!C2:C="योगेश")
```

विशालच्या शंका रास्त आहेत. पहिली, की शीटमध्ये कोणीही काहीही पुसू शकतं. यासाठी सूत्रांचे रकाने आणि गट नंबर मी संरक्षित केले आहेत, ते फक्त विशाल आणि मी बदलू शकतो. स्थिती यादीतूनच निवडायची, हाताने लिहायची नाही. नाहीतर एक जण "झालं" लिहील, दुसरा "पूर्ण", आणि बेरीज चुकेल. तरीही बिघडलंच तर जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात, कोणी कधी काय बदललं ते दिसतं आणि मागे जाता येतं.

दुसरी शंका फोटोंची. बोर्डावर फोटो कार्डालाच चिकटतो, ही सोय शीटमध्ये तितकी सरळ नाही. आपण फोटो काम नंबरच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवू आणि शेऱ्यात त्याची लिंक देऊ. हे काम माझ्याकडे. वाढीव आहे, पण मोका तपासणीच्या वेळी फोटो शोधावे लागतातच, तेव्हा ते आधीच लावलेले बरे.

तिसरी, काम पुढे सरकल्याची सूचना बोर्ड आपसूक पाठवायचा. शीटची सूचना तेवढी नेमकी नसते. पाच माणसं, त्यातली तिघं एका छताखाली, आणि ग्रुपवर दिवसभर बोलणं चालूच. मला ही उणीव मोठी वाटत नाही. पण आपण दहा-बारा जण झालो किंवा चोपड्याला दुसरं ऑफिस निघालं, तर हा प्रश्न नव्याने काढायला हवा. तेव्हा विशालचा बोर्ड कदाचित योग्य ठरेल.

दोन गोष्टींचा मात्र आग्रह धरते. शीट फक्त आपल्या पाच जणांच्या आणि तुमच्या ईमेलवर उघडी राहील. "लिंक असेल त्याला दिसेल" हा पर्याय कोणीही चालू करू नये. आणि आधार नंबर, बँक पासबुक यातलं काहीही शीटमध्ये येणार नाही. शेतकरी ते कागद विश्वासाने देतो, ते ऑफिसच्या फाइलमध्येच राहतील.

चालू पानावर छाननी करायची असेल तर साधा फिल्टर लावू नये, तो सगळ्यांच्याच स्क्रीनवर लागतो आणि बाकीच्यांना कामं गायब झाल्यासारखी वाटतात. "फिल्टर व्ह्यू" वापरावा. हे मी योगेशला आणि अशोकदादांना शेजारी बसून दाखवीन. सातपुड्याच्या पायथ्याकडे जाताना रेंज जाते, म्हणून दोन्ही फिटरांच्या मोबाईलवर शीट ऑफलाइन उपलब्ध ठेवली आहे. रेंज आली की बदल चढतात.

शुक्रवार, १२ सप्टेंबरपर्यंत तुमचा होकार मिळाला तर शनिवार-रविवारी चौतीसही कामं शीटमध्ये चढवते आणि सोमवारी १५ तारखेला सकाळचं नियोजन त्यावरूनच करू. बोर्ड महिनाभर नुसता वाचायला ठेवू, त्यात नवीन काही भरायचं नाही. त्या महिन्यात कोणतीही एक गोष्ट बोर्डावरच बरी होती असं कोणाला वाटलं, तर शेऱ्याच्या रकान्यात लिहावं, मी ती मांडून घेईन.

चिनावलच्या दोन्ही शेतांचे गट नंबर सातबाऱ्यावरून पुन्हा पडताळून ठेवले आहेत. सुरुवात त्या दोन ओळींपासून करते.

सुनीता