विषय: बिलिंग-स्टॉक सॉफ्टवेअरचं वाढीव काम – चेंज ऑर्डर, सुधारित खर्च आणि तारखा

संजयशेठ, नमस्कार.

मंगळवारी मार्केट यार्डात पेढीवर बोलणं झालं, त्याला धरून लिहितोय. तुमच्या कोटेशनमध्ये एक गाळा, त्याचं बिलिंग, स्टॉक आणि पार्टीवार उधारी एवढं काम 3,20,000 रुपयांत ठरलं होतं. त्यानंतर फुरसुंगीचं गोडाऊन आणि टॅलीत आपोआप नोंदी ही दोन कामं पुढे आली. दोन्ही तुमच्या उपयोगाचीच आहेत, पण ती ठरलेल्या कामात नाहीत. कोटेशनच्या कलम 6 प्रमाणे अशा कामाची चेंज ऑर्डर आधी मंजूर व्हावी लागते, म्हणून ती सोबत जोडली आहे.

फुरसुंगीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यादीत एक गोडाऊन वाढवलं की झालं, असं ते वरून दिसतं. तिथे तूरडाळीचा 30 किलोचा कट्टा फोडून एक आणि पाच किलोची पाकिटं भरली जातात. कट्ट्यावर जीएसटी नाही, तीच डाळ लेबल लावून पाकिटात गेली की 5 टक्के लागतो. म्हणजे एका मालाचा दुसरा माल होतो, दर बदलतो, कर बदलतो आणि मधली घटही कुठेतरी मांडावी लागते. हे नीट केलं नाही तर महिनाअखेरीला स्टॉक जुळणार नाही आणि रिटर्न भरताना तुमच्या सीएंना त्रास होईल. अर्धवट करून द्यायला माझं मन धजत नाही.

यासाठी 70,000 रुपये आणि टॅली जोडणीसाठी 45,000, असे 1,15,000 रुपये वाढतात. एकूण काम 4,35,000 रुपयांचं होईल, 18 टक्के जीएसटी वेगळा. व्हॉट्सअॅपवर बिलाची पीडीएफ जावी असं अजिंक्य म्हणाला होता, त्याचे पैसे लावलेले नाहीत. ते छोटं काम आहे, आम्ही करून देऊ.

तारखांचं म्हणाल तर मूळ काम ठरल्याप्रमाणे 30 सप्टेंबरलाच मिळेल. वाढीव काम 20 नोव्हेंबरला. ते आधी रेटायचा आग्रह कृपया धरू नका. ऐन दिवाळीच्या गर्दीत काउंटरवरच्या माणसाला नवीन स्क्रीन शिकवणं तुम्हालाच महागात पडेल.

खर्च कमी ठेवायचा असेल तर टॅली पुढच्या वर्षावर ढकला. तोवर एक्सेलमधून नोंदी आयात करता येतील. फुरसुंगी मात्र टाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

28 ऑगस्टपर्यंत चेंज ऑर्डरवर सही करून पाठवावी आणि 40 टक्के आगाऊ, म्हणजे जीएसटीसह 54,280 रुपये जमा करावेत. तोपर्यंत या दोन कामांना आम्ही हात लावणार नाही, मूळ काम चालूच राहील. काही शंका असेल तर गुरुवारी दुपारी बाजार थंडावल्यावर पेढीवर येतो, अजिंक्यलाही थांबवून घ्या.

आपला,
मंदार
कोथरूड, पुणे
21 ऑगस्ट