चंपाषष्ठीपासून आपल्या मेनूत: जळगावच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी

मंडळी, ज्याची वाट तुम्ही पावसाळ्यापासून बघताय ते भरीत आलं!

एका माणसाचा डबा ₹१७९. चंपाषष्ठी ते दत्तजयंती हा सुरुवातीचा दर. कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापासून ५ किलोमीटरच्या आत घरपोच. बाकी सगळं खाली सविस्तर लिहिलंय, ऑर्डर करण्याआधी एकदा वाचा.

चातुर्मासात वांगं बंद असणारी घरं अजून पुष्कळ आहेत. त्या घरांत चंपाषष्ठीला, म्हणजे वांगेसटीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच वांगं ताटात येतं. म्हणून आम्हीही हाच दिवस धरला. शिवाय जळगावकडची भरताची वांगी खरी रंगात येतात ती थंडी पडल्यावरच. नैवेद्याचं भरीत तुम्ही घरीच कराल, ते तसंच व्हावं. आमचा डबा त्यानंतरच्या जेवणासाठी.

आता वांग्याबद्दल. पुण्याच्या बाजारात भरताला म्हणून मिळतं ते जांभळं मोठं वांगं. आमचं ते नाही. हे वांगं हिरवट, अंगावर पांढुरक्या रेघा, हातात घेतलं की जड लागतं, साल पातळ आणि बिया अगदी कमी. भरतात दाताखाली बी आली की चव मोडते, म्हणून खान्देशात भरताला हेच वांगं लागतं. ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव यात पहिल्यांदा घेतलं जातं, आणि आमची वांगीही यावलकडूनच येतात. संध्याकाळी तोडलेला माल रात्रीच्या गाडीत चढतो आणि सकाळी पुण्यात उतरतो. एखाद्या दिवशी गाडी चुकली किंवा माल मनासारखा नसला, तर त्या दिवशी भरीत बंद. दुसरं वांगं वापरून तेच नाव आम्ही देणार नाही.

गावाकडे शेतात वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात वांगी भाजतात. शहरात तसल्या मोकळ्या जाळाला जागा नाही, म्हणून आम्ही कोळशाच्या शेगडीवर भाजतो. वांग्याला तेलाचा हात, सुरीने दोन-चार टोचे, आणि देठ तसंच ठेवायचं, कारण फिरवताना धरायला तेच कामी येतं. साल काळी पडून तडकते, आतून रस फसफसून बाहेर येतो आणि देठाजवळचा भागसुद्धा बोटाने दाबला जातो, तेव्हा वांगं झालं. देठाशी थोडंही कडक राहिलं तर भरतात कच्चा तुरटपणा उतरतो. मग झाकून ठेवायचं, साल हाताने काढायची. भाजलेलं वांगं आम्ही पाण्याखाली धरत नाही. धुतलं की धुराचा वास पाण्याबरोबर निघून जातो, आणि तो वासच तर हवा असतो.

यापुढचं काम बडजीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बडजी म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं, लाकडाच्याच दांड्यासकट. मिक्सरमध्ये वांग्याची खीर होते, बडजीत त्याचे रेषे राहतात. तेलावर परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ आधी ठेचायचं, त्यात वांगं घालायचं आणि पुन्हा ठेचायचं. मग कढईत तेल, जिरं, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप. दाणे लालसर झाले की कांद्याची पात, त्यावर वांगं आणि शेवटी भरपूर कोथिंबीर. टोमॅटो नाही. गरम मसाला नाही. हळद नाही. रंग हिरवटच राहतो आणि तो तसाच असायला हवा. ढाब्यावर मिळणारं लाल ग्रेव्हीचं भरता आवडीने खाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, हा पदार्थ निराळा आहे.

तिखटाचे दोन प्रकार: ‘मध्यम’ आणि ‘खान्देशी’. खान्देशी म्हणजे खरोखर तिखट. घरात लहान मुलं असतील तर मध्यमच घ्या.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद आणि थोडे मेथीदाणे मिसळून दळलेलं पीठ, त्याला खान्देशात कळणा म्हणतात. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी नुसत्या ज्वारीपेक्षा मऊ राहते आणि किंचित कडवट खमंग लागते. आमच्याकडे भाकरी थापणाऱ्या मावशी रावेरच्या आहेत, त्यांचा हात बघत राहावा असा. परातीत भाकरी फिरते, कडा कुठेच फाटत नाही, तव्यावर पाणी फिरवलं की उलटायची आणि नंतर थेट आचेवर टम्म फुगवायची. भाकरीऐवजी पुऱ्या हव्या असतील तर त्याही आहेत. हिवाळ्यात शेतात भरीत-पुरीचा बेत रंगतो, ते आठवणारे बरेच जण पुरीच मागतील याची आम्हाला खात्री आहे.

डब्यात काय आणि किती?

एका माणसाचा डबा: २५० ग्रॅम भरीत, २ कळण्याच्या भाकऱ्या किंवा ५ पुऱ्या, पातीचा कांदा, मुळ्याच्या फोडी, लिंबू. सुरुवातीचा दर ₹१७९, दत्तजयंतीनंतर ₹२२०.

घरचा डबा: ६०० ग्रॅम भरीत, ५ भाकऱ्या किंवा १२ पुऱ्या, बाकी सगळं तेच, तिघांना पुरेल इतकं. सुरुवातीचा दर ₹३९९, नंतर ₹४८०.

नुसतं भरीत हवं असेल तर ५०० ग्रॅम ₹२८०, नंतर ₹३३०. भाकरी घरी टाकणाऱ्यांसाठी हे बरं. जास्तीची भाकरी नगाला ₹२५.

दरांत जीएसटी धरलेला आहे. पॅकिंगचे वेगळे पैसे नाहीत. हे दर थेट आमच्याकडे केलेल्या ऑर्डरलाच आहेत. डिलिव्हरी अ‍ॅपवर त्यांचं कमिशन सांभाळून हा दर आम्हाला परवडत नाही, म्हणून तिथे पहिल्या दिवसापासून नंतरचाच दर दिसेल.

आणि ₹२२० का, असं विचारणाऱ्यांना सरळ सांगतो. वांगं भाजलं की त्यातलं पाणी जातं, साल आणि देठ जातं. कढईत पडतं ते आणलेल्या वजनापेक्षा बरंच कमी असतं. त्यात चारशे किलोमीटरचं भाडं आणि हाताने ठेचायची मजुरी. सुरुवातीच्या दरात आम्हाला फारसं काही उरत नाही, पण एकदा तुम्ही खाऊन बघावं ही इच्छा आहे.

५ किलोमीटरच का?

कारण भाकरी. तव्यावरून उतरल्यापासून साधारण अर्ध्या तासात ती तुमच्या ताटात पडायला हवी. त्यापुढे ती वाफ धरते, मग वातड होते. संध्याकाळच्या गर्दीत कर्वे रस्त्यावरून पाच किलोमीटर जायलाच किती वेळ लागतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, डेक्कन, पौड रस्ता आणि वारजे माळवाडी इथपर्यंतच घरपोच देतो. ३ किलोमीटरपर्यंत डिलिव्हरी मोफत, ३ ते ५ किलोमीटरला ₹३०. बावधनची काही घरं या अंतरात बसतात, काही नाही. लोकेशन पाठवा, लगेच सांगतो.

हडपसर, पिंपरी-चिंचवड, वाघोलीकडून रोज विचारणा होते. खान्देशची माणसं तिकडे किती आहेत हे आम्हाला ठाऊक आहे आणि तुम्हाला नाही म्हणताना वाईट वाटतं. तुमच्यासाठी मार्ग एकच: नुसतं भरीत न्यायला किचनवर या, किंवा तुमचा माणूस पाठवा. भरीत प्रवासात टिकतं, भाकरी घरी गरमागरम टाका. आमच्याकडे बसून खायची सोय नाही, फक्त पार्सलची खिडकी आहे.

पॅकिंगचं थोडं नीट सांगतो, कारण निम्मी चव तिथे राहते किंवा जाते.

भरीत आणि भाकरी एका डब्यात कधीच येणार नाहीत. भरीत उसाच्या चिपाडापासून बनवलेल्या झाकणाच्या डब्यात, आत केळीच्या पानाचा तुकडा. पान शोभेला नाही. गरम तेल डब्याच्या तळात मुरू नये म्हणून आहे. भाकरी तव्यावरून उतरली की दोन मिनिटं जाळीवर टेकवतो, पहिली वाफ निघू देतो आणि मग खाण्यासाठीच्या कोऱ्या कागदात गुंडाळून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो. वर्तमानपत्राचा कागद आमच्या किचनमध्ये अन्नाला लागत नाही, त्याची शाई पोटात जायला नको. कांदा, मुळा, लिंबू वेगळ्या कागदी पुडीत, म्हणजे गरम भरताशेजारी पात कोमेजत नाही. प्लास्टिकचे चमचे नाहीत, लाकडी चमचा हवा असेल तर ऑर्डर करताना सांगा.

पिशवीच्या तोंडावर सीलची चिठ्ठी असते. भाकरी तव्यावरून किती वाजता उतरली ते त्यावर पेनाने लिहिलेलं असतं. ती वेळ बघा. चिठ्ठी फाटलेली दिसली तर डबा घेऊ नका, लगेच कळवा, दुसरा पाठवतो.

भरीत त्याच दिवशी खाल्लेलं उत्तम. उरलं तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. गरम करताना कढईत चमचाभर तेलावर परता, मायक्रोवेव्हमध्ये खोबऱ्याचे काप चिवट होतात. शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, तुमची कढई वेगळी करू. पण दाणे त्याच किचनमध्ये भाजले जातात, त्रास फार होत असेल तर हा पदार्थ टाळलेलाच बरा. किचन पूर्ण शाकाहारी आहे, एफएसएसएआय नोंदणीचा क्रमांक प्रत्येक डब्यावर छापलेला आहे.

वेळ: दुपारी १२ ते ३, संध्याकाळी ७ ते १०. सोमवारी बंद, पण चंपाषष्ठी सोमवारी आली तरी त्या दिवशी किचन चालू राहील. भरीत दिवसातून दोनदाच होतं, दुपारसाठी सकाळी आणि रात्रीसाठी संध्याकाळी, तेव्हा किमान तासभर आधी सांगा. दहाच्या वर डबे हवे असतील तर आदल्या दिवशी.

ऑर्डरसाठी या पोस्टखाली नाही, आम्हाला मेसेज करा. त्यात एवढंच लिहा: कोणता डबा, किती, मध्यम की खान्देशी, भाकरी की पुरी, लोकेशन आणि वेळ. पैसे यूपीआयने किंवा दारात रोख.

उन्हं तापायला लागली की वांग्यात बिया वाढतात. त्यामुळे हे भरीत फेब्रुवारीअखेरपर्यंतच मेनूत राहील. चंपाषष्ठीच्या डब्यांची नोंदणी आजपासून सुरू आहे.

#खान्देशीभरीत #कळण्याचीभाकरी #जळगावचीवांगी #चंपाषष्ठी #कोथरूड #पुणेखाऊ