अवाजवी वीजबिलाबाबत हरकत आणि मीटरच्या फेरतपासणीची मागणी

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
वीज वितरण कंपनी,
शहर उपविभाग कार्यालय

विषय : मे २०२५ च्या १,२८४ युनिटच्या बिलावर हरकत, मीटरमधील साठवलेली नोंद काढून देणे, माझ्यासमक्ष मीटरची फेरतपासणी करणे आणि बिल दुरुस्त करणे याबाबत.

संदर्भ : १) दि. ९ जून २०२५ चे बिल, रक्कम रु. २३,४२०, भरण्याची अंतिम तारीख ३० जून २०२५.
२) दि. २६ मे रोजी दूरध्वनीवरून केलेली तक्रार.
३) दि. ११ जून रोजी आपल्या कार्यालयात समक्ष केलेली तक्रार.

महोदय,

मी सुलभा दत्तात्रय काळोखे, निवृत्त शिक्षिका. गणेशनगर येथील घराची घरगुती वीजजोडणी माझ्याच नावे आहे. मंजूर भार २ किलोवॅट, सिंगल फेज. ग्राहक क्रमांक व मीटर क्रमांक सोबत जोडलेल्या बिलाच्या प्रतीवर आहेत. आजवरची सर्व बिले मी मुदतीत भरलेली आहेत, एकही थकबाकी नाही.

या वेळचे बिल १,२८४ युनिटचे आणि रु. २३,४२० चे आले आहे. यापूर्वीच्या सहा बिलांत माझा वापर अनुक्रमे १२१, ११६, १०९, ११८, १३७ आणि १४९ युनिट होता, म्हणजे महिन्याला सरासरी १२५. मागच्या बिलाच्या तुलनेत युनिट साडेआठ पट झाले आणि वरच्या स्लॅबमध्ये गेल्यामुळे रक्कम जवळपास सोळा पट झाली. घरात नवीन कोणतेही उपकरण आणलेले नाही. ११ तारखेला आपल्या कार्यालयातील खिडकीवर मला "एसी लावला असेल" असे ऐकवण्यात आले. आमच्या घरी एसी नाही, गिझर नाही, विहिरीची मोटारही नाही. कोणीही येऊन पाहावे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. रीडिंग चुकीचे घेतले गेले, असे माझे म्हणणे नाही. १३ जूनला आलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांनी मीटर पाहून "रीडिंग बरोबर आहे, मीटर चालू आहे" असे सांगितले आणि ते निघून गेले. बिलावर छापलेला ७,६९७ हा आकडा मीटरवर होता, हे मलाही मान्य आहे. माझी हरकत वेगळी आहे : मीटरवर तो आकडा विजेच्या वापरामुळे आलेला नाही.

गेली काही वर्षे मी दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मीटरचे रीडिंग वहीत लिहिते. मार्चपासून सून मोबाइलवर फोटोही काढून ठेवते. मे-जूनच्या नोंदी अशा आहेत :

४ मे : ६,४१८
११ मे : ६,४५१ (वापर ३३ युनिट)
१८ मे : ६,४८३ (वापर ३२ युनिट)
२५ मे : ७,६५९ (वापर १,१७६ युनिट)
१ जून : ७,६८९ (वापर ३० युनिट)
८ जून : ७,७१८ (वापर २९ युनिट)

आधी आणि नंतर दर आठवड्याला तीस-बत्तीस युनिट, आणि मधल्या एकाच आठवड्यात १,१७६. २५ मे रोजी हा आकडा पाहिल्यावर मला वाटले, मीच चुकीचा वाचला. मुलाला बोलावून पुन्हा पाहिला, फोटो काढला आणि दुसऱ्याच दिवशी दूरध्वनीवर तक्रार केली. तेव्हा "बिल आल्यावर बघू" असे उत्तर मिळाले. त्याच वेळी कोणी येऊन मीटर पाहिला असता, तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता.

त्याच आठवड्यात, मंगळवार २० मे रोजी संध्याकाळी वळिवाचा मोठा पाऊस झाला. सव्वासातच्या सुमारास जवळच वीज कडाडली आणि आमच्या गल्लीची वीज गेली. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आली. वीज आली तेव्हा दिवे एकदम प्रखर होऊन मंद झाले, शेजारच्या दोन घरांतले बल्ब उडाले. मीटर त्यामुळेच बिघडला असे मी ठामपणे म्हणत नाही. ते ठरवायला लागणारे ज्ञान आपल्याकडे आहे. पण या काळात काय घडले, हे तपासल्याशिवाय बिल कायम करणे योग्य नाही.

आता हा आकडा का अशक्य आहे ते सांगते. आठवड्याचे १६८ तास. त्यातले २२ तास वीज नव्हती, उरले १४६. एवढ्या वेळात १,१७६ युनिट जळायला दिवस-रात्र, क्षणाचीही उसंत न घेता, सुमारे ८ किलोवॅटचा भार चालू असायला हवा. २३० व्होल्टवर तो सुमारे ३५ अँपिअर होतो. आमच्या घराचा मुख्य एमसीबी २० अँपिअरचा आहे. एवढा भार तो पेलूच शकत नाही, केव्हाच पडला असता. त्या आठवड्यात तो एकदाही पडलेला नाही.

घरातल्या उपकरणांचाही हिशेब देते : फ्रिज १५० वॅट, तीन पंखे २१०, सहा एलईडी दिवे ५४, टीव्ही ८०, मिक्सर ५००, वॉशिंग मशीन ४००, इस्त्री १,०००. एकूण २,३९४ वॅट. मिक्सर आणि इस्त्रीसकट ही सगळी उपकरणे आठवडाभर एक मिनिटही न थांबता चालवली आणि वीज एकदाही गेली नाही असे धरले, तरी ४०२ युनिट होतात. मीटर त्याच्या जवळपास तिप्पट दाखवतो.

यापेक्षाही महत्त्वाचा पुरावा खुद्द मीटरमध्ये आहे. मीटरचे बटण दाबत गेल्यावर कमाल मागणीचा आकडा येतो. मे महिन्याचा MD तिथे १.३२ किलोवॅट दिसतो. त्याचा व्हिडिओ सोबत पेन ड्राइव्हमध्ये देत आहे. म्हणजे याच मीटरच्या म्हणण्यानुसार मे महिन्यातील कोणत्याही अर्ध्या तासात आमच्या घराचा सरासरी भार १.३२ किलोवॅटच्या वर गेलेला नाही. तो भार सलग १६८ तास राहिला असे धरले तरी जास्तीत जास्त २२२ युनिट होतात. युनिट सांगणारा आकडा आणि मागणी सांगणारा आकडा हे दोन्ही एकाच मीटरचे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

८ जून रोजी मी मुलाच्या मदतीने आणखी एक गोष्ट पाहिली. मीटरवर युनिटमागे ३,२०० स्पंद असे छापलेले आहे. घरातले सर्व बंद करून फक्त १०० वॅटचे दोन साधे बल्ब अर्धा तास लावले. एक दशांश युनिट वापर झाला, म्हणजे मीटरवरचा दिवा ३२० वेळा लुकलुकायला हवा. आम्ही ३१७ मोजले. मुख्य एमसीबी बंद केल्यावर दिवा लुकलुकायचा पूर्ण थांबला. म्हणजे आमच्या वायरिंगमध्ये गळती नाही आणि आज तरी मीटर बरोबर चालतो.

आणि म्हणूनच माझी सर्वांत मोठी काळजी ही आहे. आपले पथक येऊन अ‍ॅक्यूचेक यंत्राने चाचणी घेईल, मीटर ठीक निघेल आणि "मीटर ओके, बिल भरा" असा शेरा पडेल. आजची चाचणी आजचा वेग सांगेल, मे महिन्यात एकदाच झालेली उडी सांगणार नाही. त्यामुळे केवळ जागेवरची चाचणी घेऊन हे प्रकरण बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मीटरमधील साठवलेली नोंद, म्हणजे १८ ते २५ मे दरम्यानचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर, कमाल मागणी, वीज गेल्या-आल्याच्या वेळा आणि बिघाडाच्या घटना मीटरची नोंद उतरवून घेणाऱ्या एमआरआय यंत्राने काढाव्यात व त्याची छापील प्रत मला द्यावी. अशी नोंद मीटरमध्ये कायम राहत नाही, जुनी पुसून नवी चढते. उशीर झाला तर पुरावाच राहणार नाही, त्यामुळे हे काम सर्वांत आधी व्हावे.

त्यानंतर माझ्या किंवा माझ्या मुलाच्या उपस्थितीत अ‍ॅक्यूचेकने चाचणी घ्यावी आणि मीटर काढून प्रयोगशाळेत तपासायला पाठवावा. काढताना शेवटचे रीडिंग व सीलची स्थिती पंचनाम्यात लिहून, मीटर माझ्यासमोर पिशवीत सीलबंद करून त्यावर माझी सही घ्यावी. नोंद काढण्याआधी मीटर काढू नये. प्रयोगशाळेच्या तपासणीची तारीख आधी लेखी कळवल्यास मी तिथेही हजर राहीन. चाचणी शुल्क भरण्याची माझी तयारी आहे. दोष आढळल्यास ते परत मिळावे.

बिलाबाबत सांगायचे तर वादग्रस्त आठवडा वगळून आणि त्याच्या जागी नेहमीचा वापर धरून मे महिन्याचा माझा वापर १४० युनिटच्या आसपास येतो. तेवढ्यावर, योग्य स्लॅबनुसार, सुधारित बिल द्यावे. पैसे बुडवण्याचा माझा हेतू नाही. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५६ मध्ये वाद निकाली निघेपर्यंत ग्राहकाने मागणी केलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीवर काढलेली रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरल्यास वीज तोडता येत नाही, अशी तरतूद आहे. माझी मागील सहा बिले रु. १,११०, १,०४०, ९५०, १,०७०, १,३२० आणि १,४७० ची होती. त्यांची सरासरी रु. १,१६० होते. ही रक्कम मी हरकत कायम ठेवून भरत आहे. "पूर्ण बिल भरा, मगच अर्ज घेऊ" असे खिडकीवर सांगितले गेले, त्यामुळे अंशतः रक्कम स्वीकारण्याचा आदेश आपण द्यावा आणि उरलेल्या रकमेवर विलंब आकार व व्याज लावू नये. पुढील बिलांत ती रक्कम थकबाकी म्हणून दाखवू नये, हेही सांगणे आवश्यक वाटते, कारण एकदा थकबाकी चढली की ती उतरवायला खेटे घालावे लागतात.

माझ्या घरात साडेतीन वर्षांची नात आहे आणि मला रात्री नेब्युलायझर लागतो. वीज तोडली गेली तर आमची मोठी अडचण होईल. २३,४२० रुपये ही रक्कम माझ्या महिन्याच्या निवृत्तिवेतनापेक्षा जास्त आहे. जी वीज मी वापरलेलीच नाही, तिच्यासाठी हे पैसे भरावेत असे आपणही म्हणणार नाही, याची मला खात्री आहे.

मीटरची नोंद काढण्याची व चाचणीची तारीख कृपया सात दिवसांत लेखी कळवावी. ३० जूनपर्यंत काही उत्तर न आल्यास मला ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे लागेल आणि त्या वेळी हा अर्ज, वही व फोटो मी तिथे सादर करीन.

सोबत :
१) वादग्रस्त बिल व मागील सहा बिलांच्या प्रती
२) वहीतील नोंदींची झेरॉक्स (मार्च ते जून २०२५)
३) १८ मे व २५ मे रोजीच्या मीटरचे तारीख-वेळेसह फोटो
४) MD दाखवणारा व्हिडिओ, पेन ड्राइव्ह
५) मुख्य एमसीबीचा फोटो

प्रत : अंतर्गत तक्रार निवारण कक्ष, माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी.

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का देऊन ती मला परत मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
सुलभा दत्तात्रय काळोखे
गणेशनगर