ट्रिप कॉस्टिंग: सहाचाकी ट्रक, १० टन माल, जाऊन-येऊन ८६० किमी

पार्टीशी पुढच्या महिन्याचा दर तू बोलणार आहेस, म्हणून मागच्या ट्रिपचा पूर्ण हिशोब मांडतोय. त्यांनी ३२,००० दिले. डिझेल, टोल आणि भत्ता वजा केला की बारा हजारांवर शिल्लक दिसते आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात या ट्रिपमध्ये आपले १,६८२ रुपये खिशातून गेले.

| बाब | रुपये | प्रति किमी |
|---|---|---|
| डिझेल १५५ लिटर × ९२, युरिया ४०० | १४,६६० | १७.०५ |
| ड्रायव्हर, ४ दिवस | ५,००० | ५.८१ |
| टायर | १,८९२ | २.२० |
| टोल | ३,४८० | ४.०५ |
| ऑइल, ग्रीसिंग, ब्रेक, क्लच | १,७२० | २.०० |
| हप्ता, विमा, टॅक्स, पार्किंग, ४ दिवस | ६,५०० | ७.५६ |
| वजनकाटा, दोरी, किरकोळ | ४३० | ०.५० |
| एकूण | ३३,६८२ | ३९.१७ |

येताना गाडी रिकामी होती. भाडं फक्त जातानाच्या ४३० किमीचं मिळतं, त्यामुळे भरलेल्या किलोमीटरमागे खर्च ७८.३३ पडतो. पार्टीशी बोलताना हाच आकडा डोक्यात ठेव.

डिझेल: भरलेली गाडी लिटरला ५ देते, रिकामी साडेसहा. या दोहोंची सरासरी पावणेसहा धरायची नाही, तिथेच आपण चुकत होतो. दोन्हीकडचे लिटर वेगळे काढायचे: ८६ आणि ६६. त्यात गेटच्या रांगेत इंजिन चालू राहिल्याचे ३ लिटर. टाकी फुल ते टाकी फुल मोजलं तेव्हा पंपावरही १५५ च भरले.

ड्रायव्हर: पगार १८,०००. तो ३० ने भागायचा नाही. गाडी महिन्यात साधारण २४ दिवस धंद्यावर असते, बाकीचे दिवस गॅरेज आणि सुट्ट्यांत जातात. म्हणून दिवसाला ७५०, वर भत्ता ५००. हप्ता, विमा वगैरेचे महिन्याचे ३९,००० सुद्धा २४ नेच भागलेत, दिवसाला १,६२५.

टायर: हा खर्च ट्रिपला दिसत नाही आणि एके दिवशी एकदम सव्वा लाख मागतो. पुढचे दोन प्रत्येकी २१,००० चे, ६०,००० किमी चालतात, म्हणजे ७० पैसे. मागचे चार त्याच किमतीचे, नवे ५०,००० किमी चालतात, मग प्रत्येकी ६,००० देऊन रिमोल्ड केले की आणखी ३०,०००. त्याचे १ रुपया ३५ पैसे. पंक्चर आणि अलाइनमेंटला १५ पैसे. पुढच्या चाकांना रिमोल्ड लावायचा नाही, पैसे वाचत असले तरी. दर ट्रिपचे हे १,८९२ वेगळ्या खात्यात टाकायला आजपासून सुरुवात करू.

आता खरा मुद्दा. गाडी मंगळवारी सकाळी ११.२० ला गेटवर लागली आणि बुधवारी दुपारी ४.४० ला खाली झाली. २९ तास २० मिनिटं. मंगळवारीच माल उतरला असता तर ट्रिप तीन दिवसांत संपली असती. त्या एका दिवसाचे हप्त्याचे १,६२५, ड्रायव्हरचे १,२५०, असे २,८७५ गेले. शिवाय शेवटच्या दोन नाक्यांवरून २४ तासांत परतलो असतो तर परतीची सवलत मिळाली असती, ते ४३५. एकूण ३,३१०. हे वजा केले तर खर्च ३०,३७२, म्हणजे किमीला ३५.३२, आणि त्याच ३२,००० मध्ये १,६२८ सुटले असते. त्यांचा दर तसा वाईट नाही. आपल्याला गेटवरच्या त्या रांगेनं मारलं.

म्हणून दर ३३,५०० सांग. तीन दिवसांच्या खर्चावर दहा टक्के धरलेत. ते ३२,५०० पर्यंत खाली आले तरी घे, पण हॉल्टिंग सोडू नकोस: गाडी गेटवर लागल्यापासून १२ तास मोकळे, त्यानंतर प्रत्येक दिवसाला किंवा दिवसाच्या भागाला ३,५००. हे भाड्याच्या पत्रात लिहून घे. तोंडी ठरलेलं हॉल्टिंग आजवर एकदाही हातात पडलेलं नाही. ड्रायव्हरला सांगितलंय, आत शिरताना आणि बाहेर पडताना पावतीवर गेटवाल्याकडून वेळ आणि सही घ्यायची आणि लगेच फोटो पाठवायचा.

परतीचा माल मिळाला तर घ्यावा, पण हिशोब करून. भरून आणायला २० लिटर जास्त, १,८४०. दलाली १,०००. थांबावं लागलं तर दिवसाला २,८७५. एक दिवस थांबून माल मिळत असेल तर खर्च ५,७१५, दोन दिवस थांबलं तर ८,५९०. पहिल्या दिवशी ७,००० च्या खाली आणि दुसऱ्या दिवशी १०,००० च्या खाली कुणी देत असेल तर गाडी रिकामीच निघू दे. शनिवारी नेहमीच्या पार्टीचा माल भरायचा असतो, तो चुकला तर हे सगळे आकडे बदलतात.

डिझेलचा दर रुपयाने हलला की या ट्रिपचा खर्च १५५ ने हलतो. पत्रात तेही एका ओळीत घाल: आजचा दर ९२, यापुढे प्रत्येक रुपयाला भाड्यात १५५ ची वाढ किंवा घट.