मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट पदासाठी: साखर कारखान्यातील भरतीच्या आपल्या पोस्टला उत्तर

आदरणीय कुलकर्णी मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्लायंटच्या अक्कलकोट बाजूच्या ५००० टीसीडी खासगी कारखान्यासाठी डेप्युटी चीफ केमिस्ट, मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आणि लॅब इनचार्ज हवेत, ही आपली पोस्ट वाचली. नुसते ‘इंटरेस्टेड’ लिहू नका, काय केले आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहा, सोबत पगार, नोटीस आणि नोकरी सोडण्याचे कारणही कळवा, असे आपण बजावले आहे. त्याप्रमाणे लिहितो. बायोडाटा स्वतंत्र जोडला आहे, त्यातले सगळे इथे पुन्हा उतरवत नाही.

मी मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट या एकाच पदासाठी अर्ज करत आहे. डेप्युटी चीफचा पगार जास्त आहे हे दिसते, पण आपल्या पोस्टप्रमाणे त्या पदावर ६० केएलपीडी डिस्टिलरीच्या लॅबची जबाबदारीही येते. फर्मेंटेशन आणि डिस्टिलेशनवर मी प्रत्यक्ष काम केलेले नाही. डिस्टिलरीला सिरप किंवा बी हेवी मोलॅसिस कोणत्या ब्रिक्सला, कोणत्या प्युरिटीला द्यायचे, तिथपर्यंतची बाजू मला चांगली माहीत आहे. त्यापुढचे काम ज्याला येते त्यालाच ती जागा मिळावी.

शिक्षण बी.एस्सी. रसायनशास्त्र, त्यानंतर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून साखर तंत्रज्ञान. सुरुवात लॅब केमिस्ट म्हणून झाली. २६ ग्रॅम नमुना, १०० मिली फ्लास्क, २०० मिमी ट्यूब हे रात्रपाळीत इतके झाले आहे की हात आपोआप चालतो. २०१९-२० च्या हंगामापासून मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आहे. सध्याचा कारखाना अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, ४००० टीसीडी, डबल सल्फिटेशन, प्लांटेशन व्हाइट. पाळीत माझ्याकडे ज्यूस हीटरपासून सेंट्रिफ्युगलपर्यंतचे सगळे बॉयलिंग हाऊस असते.

आपण विचारले आहे की एखादे काम सांगा जे तुमच्यामुळे झाले. ‘माझ्यामुळे’ हा शब्द साखर कारखान्यात जरा जडच जातो, कारण उताऱ्याचे श्रेय उसापासून फिटरपर्यंत सगळ्यांचे असते. तरी एक सांगतो.

२०२२-२३ च्या हंगामात आमचा अननोन लॉस उसावर ०.१८ टक्क्यांच्या आसपास चालला होता. बगॅसचा पोल, प्रेसमडचा पोल, मोलॅसिसची प्युरिटी सगळे हिशेबात बसत होते. साखर मात्र कुठेतरी जात होती. अशा वेळी पहिला संशय नेहमी वजनकाट्यावर आणि लॅबवर येतो. काटे तपासून झाले. मिक्स्ड ज्यूसच्या कंपोझिट नमुन्यात प्रिझर्व्हेटिव्ह वेळेवर पडते का, तेही पाहिले. तिकडे स्प्रे पाँडच्या पाण्याला आंबूस वास येऊ लागला होता आणि पीएच खाली सरकत होता. तेव्हा प्रत्येक कंडेन्सरच्या टेल पाइपचे पाणी वेगवेगळे घेऊन दर दोन तासांनी अल्फा नॅप्थॉल टेस्ट लावली. परीक्षानळीत दोन-चार थेंब टाकायचे, कडेने सल्फ्युरिक ॲसिड हळू सोडायचे, साखर असेल तर दोन थरांच्या मध्ये जांभळी कडी उमटते. पॅनच्या पाण्यात कडी क्वचितच दिसायची, तीही पॅन भरताना व्हॅक्यूम उसळला तर. इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीच्या पाण्यात मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी, आणि गडद.

कारणे दोन निघाली. सिरपचा ब्रिक्स ६० च्या खाली गेला की ओरडा होतो, म्हणून ऑपरेटर व्हॅक्यूम ओढून धरत होते आणि ज्यूसची लेव्हल ट्यूबच्या बरीच वर ठेवत होते. वास्तविक ती ट्यूबच्या साधारण एकतृतीयांश उंचीवर राहिली पाहिजे. दुसरे कारण क्लीनिंगच्या दिवशी सापडले. कॅचऑलमधून अडवलेला रस बॉडीत परत आणणारा पाइप स्केलने पार बुजला होता. म्हणजे कॅचऑल रस पकडत होता आणि भरून वाहिला की कंडेन्सरकडेच सोडत होता. मेकॅनिकल विभागाने पाइप बदलून थोड्या मोठ्या व्यासाचा टाकला, आम्ही साइट ग्लासवर लेव्हलची रंगीत खूण केली आणि टेस्टचा रजिस्टर पाळीच्या चार्जमध्ये आणला. पुढच्या हंगामात अननोन लॉस ०.०९ वर बंद झाला.

त्या हंगामात गाळप सुमारे ५ लाख टन होते. त्यावर ०.०९ टक्के म्हणजे ४५० टन साखर. २०१९ मध्ये ठरलेल्या किमान विक्री दराने, म्हणजे ३१ रुपये किलोने धरले तरी ही रक्कम १ कोटी ३९ लाखांच्या वर जाते. पाइपाचा खर्च किती आला हे मला आठवत नाही, पण त्यावरून कुणाची बैठक बसली नव्हती एवढे नक्की.

मुलाखतीत या आकड्यांवर जरूर विचारावे. मात्र आरटी ८ सी किंवा डीएमआरच्या प्रती मी पाठवणार नाही. ते सध्याच्या कारखान्याचे कागद आहेत. उद्या आपल्या क्लायंटचे कागदही मी असेच कुणाला पाठवणार नाही.

पोस्टमध्ये ‘इथेनॉल डायव्हर्जनचा अनुभव आवश्यक’ असे आहे. ७ डिसेंबर २०२३ चा आदेश आपल्याला आठवत असेल. ऐन हंगामात रस आणि सिरपपासून इथेनॉल बंद झाले, आठवड्याभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत सवलत मिळाली, आणि सगळे निर्बंध उठले ते थेट ऑगस्ट २०२४ मध्ये, पुढच्या वर्षासाठी. आमचे बरेच सिरप डिस्टिलरीला जात होते. ते एका रात्रीत पॅन सेक्शनवर परत आले. सी बाजू त्या हंगामात जेमतेम चालवलेली होती. क्रिस्टलायझरचे गिअर आणि कूलिंग कॉइल चालू अवस्थेत आणण्यापासून सुरुवात होती. सी मॅसेक्विट पुरेसे थंड न करता मशीनवर घेतले की प्युरिटी मोलॅसिसमध्ये निघून जाते, आणि पॅन रिकामे करण्याची घाई असताना नेमके तेच होते. पहिल्या दिवसांत फायनल मोलॅसिसची प्युरिटी ३४ पर्यंत गेली होती. सी ग्रेन वेगळे धरणे, क्रिस्टलायझरमध्ये पूर्ण वेळ देणे आणि मशीनवर पाणी मारायला हात आखडता घेणे, एवढ्यावर ती जानेवारीत ३१ च्या आत आली. त्यात आमच्या दोन जुन्या पॅनमनचा वाटा माझ्याहून मोठा होता. धोरण यंदा एक आणि पुढल्या वर्षी दुसरे, हे आता धरूनच चालावे लागते. त्यामुळे ए-बी आणि ए-बी-सी या दोन्ही पद्धतींवर पटकन जाता येईल अशी तयारी ऑफ सीझनलाच करून ठेवावी, असे माझे मत आहे.

आपल्या क्लायंटच्या भागातल्या उसाबद्दल एक विचारायचे आहे. त्या पट्ट्यात को ८६०३२ सोबत कोएम ०२६५ किती आहे? ०२६५ उशिरा पक्व होतो. तो हंगामाच्या सुरुवातीलाच गव्हाणीत आला तर प्युरिटी कमी मिळते आणि बोलणी बॉयलिंग हाऊसला बसतात. तोडणीचा प्रोग्रॅम शेती विभागाचा असतो हे मान्य, पण प्री-हार्वेस्ट मॅच्युरिटीचे नमुने लॅबकडे नियमित येतात का, हे कळले तर बरे होईल. २०२५-२६ साठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये अशी आहे. एवढा भाव देऊन आणलेला ऊस यार्डात गाडीवर उभा राहून सुकला तर खालच्या कुठल्याही केमिस्टला तो भरून काढता येत नाही.

सोडण्याचे कारण सरळ आहे. २०२४-२५ चा हंगाम आमच्याकडे फार लवकर आटोपला, कार्यक्षेत्रातला ऊस शेजारच्या कारखान्यांकडे गेला, आणि पगार दोन-तीन महिने मागे पडत चालला आहे. व्यवस्थापनाशी माझा वाद नाही; चीफ केमिस्ट साहेबांना मी अर्ज करत असल्याचे सांगितले आहे आणि गरज पडल्यास ते आपल्याशी बोलतील. फक्त फोन करण्याआधी मला एक मेसेज टाकावा.

सध्याचा पगार हातात ४२ हजार. अपेक्षा ५५ हजार आणि कॉलनीत कुटुंबासाठी क्वार्टर. क्वार्टर असेल तर आकड्यावर थोडे पुढे-मागे करता येईल. नोटीस एक महिन्याची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निर्णय झाला तर सप्टेंबरमध्ये रुजू होऊन ओव्हरहॉलिंगचा शेवटचा टप्पा बघायला मिळेल, आणि तो मला बघायचाच आहे. ट्यूब क्लीनिंग, पॅनची हायड्रॉलिक टेस्ट, कॅचऑल हे सगळे अग्निप्रदीपनाच्या आधी डोळ्यांखालून गेले की निम्मी डोकेदुखी कमी होते. मोळी पडायच्या आदल्या दिवशी हजर होणारा केमिस्ट डिसेंबरपर्यंत व्हॉल्व्हच शोधत फिरतो.

माझे गाव करमाळा तालुक्यातले, त्यामुळे सोलापूर जिल्हा मला घरचाच. सीमेवरच्या कारखान्यात कन्नड बोलणारे कामगार असतील; मला कन्नड समजते, बोलताना अडखळतो, पण पाळी चालवण्यापुरते जमते.

माझ्या बाजूने दोन गोष्टी आधीच स्पष्ट झाल्या तर दोघांचाही वेळ वाचेल. जागा कायम आहे की हंगामी, आणि हंगामी असेल तर ऑफ सीझनला रिटेन्शन अलाउन्स किती? आणि गेल्या हंगामात तिथे कामगारांचे पगार वेळेवर झाले का? क्लायंटचे नाव आपण आत्ता सांगू शकत नाही हे समजू शकतो, या प्रश्नांना त्याची गरज नाही.

सध्या जनरल शिफ्ट आहे, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर कोणत्याही दिवशी फोनवर बोलता येईल. प्रत्यक्ष मुलाखतीसाठी गुरुवार सोयीचा, त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी असते. सोलापूर किंवा पुणे, दोन्हीकडे येऊ शकतो. मोबाइल क्रमांक बायोडाट्यात वरच आहे.

आपला विश्वासू,
सचिन जाधव
मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट

सोबत: बायोडाटा, पदवी आणि साखर तंत्रज्ञान अभ्यासक्रमाची प्रमाणपत्रे